टेकूचा पाइप किती भाराला बाक धरेल? तुकडे पाडून, मॅट्रिक्स मांडून उत्तर काढायची रीत

मुंबईत दुरुस्तीला काढलेल्या चाळीच्या गॅलरीखाली किंवा रिडेव्हलपमेंटच्या नव्या स्लॅबखाली लोखंडी पाइपांचे टेकू रांगेने उभे असतात. त्यातला एक पाइप उचलू आणि तो किती भार घेईल ते काढू. हाताने सुरुवात करायची, मग दहा ओळींचा पायथन कोड लिहायचा, आणि शेवटी आलेल्या आकड्यातला किती भाग साइटवर खरा धरायचा ते ठरवायचं. मॅट्रिक्सचा गुणाकार येत असेल आणि बीमचं `M = EI·y''` हे सूत्र पाहिलेलं असेल, तर एवढी तयारी पुरे.

पाइप मोजून घ्या

परांचीला आणि टेकूला सर्रास वापरला जातो तो दीड इंची पाइप. त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी असतो. पत्र्याची जाडी वेगवेगळी मिळते, आपण ३.२ मिमी धरू, म्हणजे आतला व्यास ४१.९ मिमी. लांबी ३ मीटर. पोलादाचा `E` घेऊ २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिमी, पोलादी बांधकामाच्या IS 800 या भारतीय मानकात हाच दिला आहे.

```
I = π/64 · (48.3⁴ − 41.9⁴) ≈ 1.159 × 10⁵ mm⁴
A = π/4 · (48.3² − 41.9²)  ≈ 453 mm²
EI/L² ≈ 2576 N
```

शेवटची ओळ बाजूला लिहून ठेवा. पुढची सगळी उत्तरं `EI/L²` च्या पटीत येणार आहेत आणि ती पट सोडली तर पाइपबद्दलचं बाकी सगळं या २५७६ मध्ये आलंय.

आता एक तुलना, म्हणजे हा खांब सडपातळ का म्हणायचा ते कळेल. २४० न्यूटन प्रति चौरस मिमी यील्डचं पोलाद धरलं, तर ४५३ चौरस मिमीचा हा पाइप नुसत्या दाबाने चेपायला साधारण १०९ किलोन्यूटन लागतील, म्हणजे ११ टनांच्या आसपास. पण ३ मीटर उंचीचा हा पाइप त्याच्या पाव भारालाच मध्ये बाक धरतो. पोलाद तुटत नाही, चेपत नाही, फक्त सरळ उभं राहायचं सोडून देतं. तो पाव भार नेमका किती, हे आपल्याला काढायचंय.

पाइपच्या जागी साखळी ठेवा

अखंड पाइपचं समीकरण ऑयलरने १७४४ सालीच सोडवलं होतं आणि दोन्ही टोकं बिजागरीवर असतील तर उत्तर `π²·EI/L²` येतं. आपण ते मुद्दाम विसरू. आपल्याला अशी रीत हवी आहे जी मध्ये आडवा पाइप मारल्यावर किंवा खालचं टोक जखडल्यावरही चालेल.

सुताराची घडीची फूटपट्टी डोळ्यांसमोर आणा. ताठ पट्ट्या आणि मध्ये सांधे. पाइपचे `n` सारखे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा `h = L/n` लांबीचा आणि न वाकणारा. वाकायचं ते फक्त सांध्यात, आणि प्रत्येक सांध्यात एक स्प्रिंग, जिचा कडकपणा `EI/h`. हे जुगाड नव्हे. हाइनरिख हेंकीने १९२० मध्ये ही साखळी मांडली आणि `y''` च्या जागी नेहमीचा फरकांचा भागाकार ठेवला तर बरोबर हीच समीकरणं येतात. मला ती साखळीतून शिकवायला आवडतात, कारण प्रत्येक आकड्यामागे एक सांधा दिसतो.

सांधा क्रमांक `i` आडवा `y_i` एवढा सरकला, तर तिथे दोन पट्ट्यांमधला कोन इतका बदलतो:

```
θ_i = (−y_(i−1) + 2·y_i − y_(i+1)) / h
```

स्प्रिंग या कोनाला `EI/h · θ_i` एवढ्या मोमेंटने विरोध करते. वरून येणारा भार `P` त्याच सांध्यावर `P·y_i` एवढा मोमेंट लावतो. समतोल म्हणजे दोन्ही सारखे.

दोन तुकडे, मग तीन तुकडे, कागदावर

दोन तुकडे केले तर मधला एकच सांधा उरतो. कोन `2y/h`, म्हणून

```
EI/h · 2y/h = P·y   →   P = 2·EI/h² = 8·EI/L²
```

`8 × 2576` म्हणजे २०.६ किलोन्यूटन. इथे थांबून एक गोष्ट पाहा: दोन्ही बाजूंचा `y` कटला. म्हणजे हा भार आल्यावर सांधा किती सरकेल, ते हे समीकरण सांगतच नाही. एक मिमी असो वा दहा, समतोल साधतो. याहून कमी भार असेल तर `y = 0` एवढं एकच उत्तर, पाइप सरळ. बरोबर या भाराला सरळ आकाराबरोबर वाकडा आकारही चालायला लागतो. आयगेनव्हॅल्यूचा इथला अर्थ एवढाच आहे: कोणत्या भाराला वाकडा आकारही समतोलात राहू शकतो.

तीन तुकड्यांना दोन सांधे:

```
EI/h² · |  2  −1 | |y1|  =  P |y1|
        | −1   2 | |y2|       |y2|
```

या मॅट्रिक्सची दोन उत्तरं डोक्यातच निघतात. `y1 = y2` ठेवलं तर १ येतो, `y1 = −y2` ठेवलं तर ३. `h = L/3` असल्यामुळे दोन भार `9·EI/L²` आणि `27·EI/L²`, म्हणजे २३.२ आणि ६९.५ किलोन्यूटन. पहिल्यात पाइप एका बाजूला धनुष्यासारखा फुगतो, दुसऱ्यात इंग्रजी एस अक्षरासारखा.

लहानच का घ्यायचं? भार शून्यापासून वाढत जातो, म्हणून वाटेत पहिल्यांदा लागतं ते सर्वांत लहान. ६९.५ पर्यंत पोचायच्या आधीच पाइप २३.२ ला वाकलेला असेल. दुसरी आयगेनव्हॅल्यू मात्र फेकून देऊ नका, थोड्या वेळाने तिचाच अंमल सुरू होणार आहे.

तुकडे वाढवले की काय होतं

हीच मॅट्रिक्स मोठी केली की कर्णावर २ आणि दोन्ही बाजूंना −१, बाकी शून्य. तिला आपण `T` म्हणू. माझ्याकडे आलेले आकडे असे: २ तुकड्यांना २०.६०, ४ ला २४.१४, ८ ला २५.०९, १६ ला २५.३४ किलोन्यूटन. ऑयलरचं अचूक उत्तर २५.४२. चूक अनुक्रमे ४.८२, १.२८, ०.३३ आणि ०.०८. तुकडे दुप्पट केले की चूक चौथाईवर येते.

हा चौथाईचा नियम कोड तपासायला फार उपयोगी पडतो. तुमचा आकडा अचूक उत्तराकडे जातोय पण चूक दरवेळी निम्मीच होतेय असं दिसलं, तर बहुतेक वेळा टोकाच्या ओळीत काहीतरी चुकलेलं असतं. शिवाय या नियमाचा फायदाही घेता येतो. ४ आणि ८ तुकड्यांची उत्तरं हाताशी असतील तर `(4 × 25.09 − 24.14) / 3` करा, २५.४१ येतं. १६ तुकड्यांपेक्षा चांगलं, आणि एकही नवीन मॅट्रिक्स न सोडवता.

साखळीचं उत्तर इथे खालून वर सरकतं, म्हणजे जाड तुकड्यांचा आकडा खऱ्यापेक्षा कमी. फायनाइट एलिमेंटच्या पॅकेजमध्ये नेमकं उलटं दिसेल. नेहमीच्या बीम एलिमेंटने अख्खा पाइप एकच एलिमेंट म्हणून मांडला तर `12·EI/L²` येतं, म्हणजे अचूकपेक्षा जवळजवळ २२ टक्के जास्त आणि धोक्याच्या बाजूला. दोन एलिमेंट केले की ९.९४, चूक एक टक्क्याच्या आत. म्हणून पॅकेज वापरताना टेकूचे किमान दोन, शक्यतो चार भाग पाडायचे. एका मजल्याचा खांब म्हणजे एक एलिमेंट ही सवय साध्या भाराच्या हिशोबाला चालते, बाक धरण्याच्या, म्हणजे बकलिंगच्या हिशोबाला चालत नाही.

आता कोड, पण मॅट्रिक्स दोन

वरची मांडणी टोकं बिजागरीवर असतील तोवर ठीक. मध्ये आडवा आधार दिला की त्याची प्रतिक्रिया सगळ्या सांध्यांचा मोमेंट बदलते आणि `P·y_i` एवढंच लिहून भागत नाही. त्यामुळे आतापासूनच मोमेंटऐवजी ऊर्जेने लिहायची सवय लावू.

सगळ्या स्प्रिंगांत साठलेली ऊर्जा `½·(EI/h)·Σθ²`. `θ = T·y/h` असल्याने तिची मॅट्रिक्स `K = (EI/h³)·T·T`. दुसरीकडे, साखळी वाकली की तिचं वरचं टोक थोडं खाली येतं. प्रत्येक पट्टीची उभी उंची `(Δy)²/(2h)` ने घटते, आणि त्यांची बेरीज लिहिली की मॅट्रिक्स मिळते `G = T/h`. भार `P` तेवढा खाली उतरून काम करतो. दोन्हींचा मेळ:

```
K·y = P·G·y
```

`K` म्हणजे पाइपचा वाकण्याला विरोध, `G` म्हणजे भाराची वाकवण्याची ताकद. कोणत्याही पॅकेजच्या पोटात बकलिंगसाठी हीच जोडी असते, फक्त मोठी.

```python
import numpy as np
from scipy.linalg import eigh

E, I, L, n = 2.0e5, 1.159e5, 3000.0, 20
h = L / n
T = 2*np.eye(n-1) - np.eye(n-1, k=1) - np.eye(n-1, k=-1)
K = E*I/h**3 * T @ T
G = T / h
P, Y = eigh(K, G)
print(P[:3] / 1000)
```

२५.३७, १००.८ आणि २२४.६ किलोन्यूटन दिसायला हवेत. अचूक उत्तरं २५.४२, १०१.७ आणि २२८.८. वरवरच्या आयगेनव्हॅल्यूंची चूक जास्त असते, कारण त्यांच्या आकारात लाटा जास्त आणि प्रत्येक लाटेच्या वाट्याला तुकडे कमी.

आकडा जुळला नाही तर आधी एकक पाहा. `E` न्यूटन आणि मिमीमध्ये, पण लांबी `3.0` मीटर टाकली, तर उत्तर दहा लाख पट होतं, अडीच कोटी किलोन्यूटन. हे निदान लगेच ओळखू येतं. ओळखू न येणारी चूक म्हणजे `eigh` ऐवजी `np.linalg.eig` वापरून पहिला आकडा उचलणं. `eigh` उत्तरं लहान ते मोठं अशी लावून देतं, `eig` कसलीच हमी देत नाही. पहिल्या जागी १००.८ येऊन बसला तर तो दिसायला अगदी शहाणा आकडा असतो आणि चारपट चुकीचा असतो. म्हणून आकड्याबरोबर आकारही पाहायची शिस्त ठेवा: `Y[:, 0]` मधले सगळे आकडे एकाच चिन्हाचे हवेत, सगळे अधिक किंवा सगळे उणे. मध्ये चिन्ह बदललं तर तुम्ही पहिला आकार पाहत नाही आहात.

आणि `n` उगाच वाढवू नका. `K` मध्ये `T` चा वर्ग आहे, त्यामुळे `n` हजारांत नेला की संगणकाच्या गोलाकार चुका लहान आयगेनव्हॅल्यूला कुरतडायला लागतात. २० ते ५० तुकडे या कामाला भरपूर.

"साहेब, मध्ये एक आडवा मारला की झालं ना?"

साइटवरचा मुकादम हे विचारतो आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. मध्यावर आडवा पाइप कपलरने बांधला की टेकूची ताकद किती वाढते? आडव्या पाइपला आपण आडवी स्प्रिंग समजू, कडकपणा `k` न्यूटन प्रति मिमी. मध्यावरचा सांधा `y` सरकला की ती `k·y` ने मागे ओढते. ऊर्जेने लिहिलेल्या मांडणीत हे एका ओळीचं काम आहे: `K` मध्ये मधल्या सांध्याच्या कर्णावर `k` मिळवायचा. `n` सम हवा, नाहीतर मध्यावर सांधाच नसतो.

```python
m = n//2 - 1
for k in (0, 50, 100, 200, 1000):
    Kb = K.copy()
    Kb[m, m] += k
    P, Y = eigh(Kb, G)
    print(k, round(P[0]/1000, 1))
```

`k` शून्य असताना २५.४. ५० ला ५५ च्या आसपास, १०० ला ८३ च्या आसपास. म्हणजे आधार जितका ताठ तितका भार जवळजवळ सरळ रेषेत वाढतो. मग २०० ला १००.८, आणि १००० ला? तेच १००.८. पुढे कितीही ताठ आधार द्या, आकडा हलत नाही.

१००.८ कुठे भेटला होता ते आठवा, तो आपला दुसरा आकार, एस अक्षरासारखा. त्यात पाइपचा मध्य जागचा हलतच नाही, म्हणून मध्यावर बांधलेल्या स्प्रिंगला तो दिसतच नाही. पहिल्या आकाराची आयगेनव्हॅल्यू `k` बरोबर वर चढत गेली, दुसरी तिथेच बसून राहिली, आणि एका क्षणी पहिलीने दुसरीला ओलांडलं. तिथून पुढे सर्वांत लहान म्हणजे एसवाला आकार. अखंड पाइपसाठी हा ओलांडण्याचा कडकपणा `16·π²·EI/L³`, आपल्या पाइपला सुमारे १३६ न्यूटन प्रति मिमी. `Y[:, 0]` छापून बघा. `k = 100` ला सगळी चिन्हं सारखी, `k = 200` ला मध्ये बदललेली. या वेळी चिन्ह बदलणं ही चूक नाही, उलट आधार पुरेसा ताठ असल्याची ती पावती आहे.

आता १३६ हा आकडा केवढा आहे? २ मीटर लांबीचा तसलाच पाइप भिंतीत अडकवून आडवा लावला तर त्याचा लांबीच्या दिशेचा कडकपणा `A·E/L`, म्हणजे ४५ हजार न्यूटन प्रति मिमीच्या वर. गरजेच्या तीनशे पटीहून जास्त. मग मुकादमाला हो म्हणून मोकळं व्हायचं का? नाही. इथे मॉडेलमध्ये न मावणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि टेकू कोसळतात ते बहुधा यांच्यामुळेच.

पहिली: आडवा पाइप दुसऱ्या टोकाला कशाला बांधलाय? आपल्या स्प्रिंगचं दुसरं टोक न हलणाऱ्या गोष्टीला जोडलेलं आहे असं आपण गृहीत धरलं. साइटवर मात्र आडवा पाइप एका टेकूपासून शेजारच्या टेकूला, तिथून त्याच्या शेजारच्याला असा रांगेने जातो. सगळ्या टेकूंवर सारखा भार आणि सगळे एकाच बाजूला फुगले, तर आडवा पाइप त्यांच्याबरोबर सरकतो, कुणालाच अडवत नाही. कडकपणा ४५ हजार नाही, शून्य. आकडा पुन्हा २५.४. दोन टेकू मांडून, त्यांच्या मध्यांना स्प्रिंगने एकमेकांशी जोडून हे कोडमध्येही करून बघता येईल: कर्णावर दोन जागी `+k`, आडव्या जोडीला `−k`, आणि पहिली आयगेनव्हॅल्यू जागची हलणार नाही. म्हणून रांगेत कुठेतरी तिरका पाइप हवा, जो आडव्याचा जोर जमिनीत उतरवेल, किंवा आडव्याचं टोक पक्क्या झालेल्या आरसीसी कॉलमला घट्ट धरलेलं हवं.

दुसरी: आपलं मॉडेल कागदाच्या एका प्रतलातलं आहे. गोल पाइपला सगळ्या दिशा सारख्या. उत्तर-दक्षिण आडवा बांधलात तर तो पूर्व-पश्चिम फुगेल, त्याच २५.४ ला. आडवे दोन्ही दिशांना लागतात आणि तिरकेही. संगणकाने १००.८ दाखवला तो फक्त त्या एका दिशेचा.

खालचं टोक जखडलंय असं मानायचा मोह

साखळीत खालचं टोक पूर्ण जखडणं सोपं आहे: `K[0, 0]` मध्ये `2·E·I/h**3` मिळवा. `T·T` मुळे तिथे ५ असतो, त्याचा ७ होतो. अखंड पाइपचं उत्तर तेव्हा `20.19·EI/L²`, म्हणजे ५२ किलोन्यूटन. एका ओळीत ताकद दुप्पट झाली, म्हणून ही ओळ लिहायला हात शिवशिवतो. पण टेकूची बेस प्लेट लाकडी फळीवर नुसती टेकवलेली असते, फळीखाली कधी भराव तर कधी पावसाने भिजलेली माती. ते टोक फिरायला मोकळंच समजा. बिजागरी धरूनच हिशोब करा, जखडलेलं टोक काँक्रीटमध्ये गाडलेल्या खांबासाठी ठेवा.

आलेल्या आकड्यातलं किती खरं धरायचं

आयगेनव्हॅल्यूचा हिशोब अगदी सरळ पाइप आणि बरोबर मध्यातून येणारा भार धरतो. साइटवरचा पाइप दहा ठिकाणी वापरून आलेला असतो. समजा मध्यावर १० मिमी बाक आहे, ३ मीटरवर हा डोळ्यांना जेमतेम जाणवतो. भार चढला की हा बाक साधारण `1/(1 − P/Pe)` पटीने वाढतो, इथे `Pe` आपली आयगेनव्हॅल्यू.

२० किलोन्यूटन भार घ्या. `20/25.42` म्हणजे ०.७८७, पट ४.७, बाक ४७ मिमी. मोमेंट `20000 × 47`, सुमारे ९.४ लाख न्यूटन-मिमी. पाइपचा सेक्शन मॉड्युलस `I/(48.3/2)`, ४८०० घन मिमी. त्यातून वाकण्याचा ताण १९६, आणि नुसत्या दाबाचा `20000/453` म्हणजे ४४. बेरीज २४०. बरोबर यील्ड! २५.४ हा आकडा प्रत्यक्षात कधी येतच नाही. पाइप २० लाच एका बाजूने मऊ पडतो आणि तिथून पुढे सावरत नाही.

IS 800:2007 मध्ये खांबांसाठी जे वक्र दिले आहेत, त्यांत सरळ नसण्याचा आणि आत अडकलेल्या ताणाचा हिशोब आधीच धरलेला आहे. थंड अवस्थेत वळवलेल्या पोकळ सेक्शनसाठीचा `b` वक्र या पाइपला लावला तर १९.५ किलोन्यूटन येतात, वरच्या हिशोबाच्या अगदी जवळ. तोही भार १.५ ने गुणलेला, म्हणून रोजच्या भाराची मर्यादा १३ च्या आसपास. तुलनेला सांगतो, १२५ मिमीचा ओला स्लॅब, शटरिंग आणि वर वावरणारी माणसं मिळून चौरस मीटरला साडेपाच ते सहा किलोन्यूटन धरले आणि टेकू १.२ मीटरच्या चौकटीवर लावले, तर एकेका टेकूवर साधारण ८ किलोन्यूटन येतात. खालच्या मजल्याचे टेकू न काढता त्याच रांगेवर वरचा स्लॅब टाकला की हा आकडा १३ ओलांडायला वेळ लागत नाही.

मध्ये पक्का आधार दिलेल्या पाइपचं काय? आयगेनव्हॅल्यू चौपट होऊन १०१.७ झाली, पण नुसत्या चेपण्याचा भारच १०९ आहे. दोन आकडे इतके जवळ आले की पाइप सडपातळ उरत नाही, आणि आयगेनव्हॅल्यूवर विसंबणं थांबवायची ही खूण. त्याच `b` वक्राने सुमारे ५७ येतात, म्हणजे चौपट नाही, तिपटीच्याही किंचित आत. पॅकेजने बकलिंगचा गुणक कितीही मोठा दाखवला तरी आधी तो भार चेपण्याच्या भाराशी ताडून पाहा. निम्म्याच्या वर गेला असेल तर वक्राकडे वळा.

पॅकेजचा गुणक म्हणजे काय तेही इथेच सांगून टाकतो. ते सहसा किलोन्यूटन देत नाही. तुम्ही टेकूवर ८ किलोन्यूटन लावले असतील, तर उत्तर ३.२ असं दिसेल, म्हणजे लावलेल्या भाराच्या ३.२ पट. उणे गुणक दिसला तर तो भार उलट्या दिशेने लावला असता होणाऱ्या बकलिंगचा असतो. शून्य किंवा शून्याला चिकटलेला आकडा मिळाला तर बकलिंग विसरा, तुमच्या मॉडेलमधलं एखादं टोक बांधायचंच राहिलंय.

शेवटचं मोजमाप साइटवरचं. समुद्राजवळच्या हवेत उघड्यावर पडलेल्या पाइपची बाहेरून अर्धा मिमी कातडी गंजून गेली, व्यास ४८.३ चा ४७.३ झाला, तर `I` १८ टक्क्यांहून जास्त घटतो, आणि आयगेनव्हॅल्यू `I` च्या सरळ प्रमाणात असल्याने २५.४ चे २०.७ होतात. बाहेरच्या कडेचं पोलादच वाकण्याला सर्वाधिक विरोध करतं, म्हणून अर्ध्या मिमीचा एवढा फरक. तेव्हा कोडमध्ये `I` कॅटलॉगमधून टाकू नका. गंज खरवडून व्हर्नियरने व्यास घ्या, कापलेल्या टोकाशी जाडी घ्या, पाइपच्या दोन टोकांना लाइनदोरी ताणून मध्यावरचा बाक मोजा, आणि १० मिमीपेक्षा जास्त भरला तर तो पाइप टेकूच्या ढिगातून काढून आडव्यांच्या ढिगात टाका.